छोट्या वेबसाइटची कामं: स्कोप कसा ठरवायचा आणि न संपणारे बदल कसे थांबवायचे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गोव्यातल्या पेडणे, डिचोली, फोंडा, साखळी अशा ठिकाणांहून नवशिकी मुलं-मुली जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न बहुतेक कोडचे नसतात. कोड कुठेतरी सापडतो. अडतं ते "गिऱ्हाईक अजून एक बदल सांगतंय" इथे. म्हणून उत्तरांत मांद्रेच्या एका होमस्टेचं काम धागा म्हणून ठेवलं आहे. ते मी स्वतः केलं, त्यामुळे त्याचे आकडे माझ्याकडे आहेत.

1. प्रोग्रामिंग किती आलं की पहिलं पैशांचं काम घ्यावं?

एचटीएमएल आणि सीएसएस नीट, जावास्क्रिप्ट कामापुरतं, आणि साइट इंटरनेटवर चढवता येणं, एवढं पुरतं. पण "नीट" कसं ओळखायचं? गिऱ्हाईक नसताना तीन साइट पूर्ण बनवा: एक खानावळीची, एक गावच्या भजनी मंडळाची, एक भाड्याच्या खोल्यांची. प्रत्येक साइट 360 पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर आडवी न सरकता दिसली पाहिजे, तिच्यावरचा फॉर्म भरल्यावर मेल खरोखर पोचला पाहिजे आणि ती स्वतःच्या डोमेनवर `https` सह उघडली पाहिजे.

हे करताना कोणत्या भागाला किती तास लागले ते वहीत लिहा. पहिल्या साइटचे तास फसवे असतात, कारण त्यात शिकण्याचा वेळ मिसळलेला असतो. तिसऱ्या साइटचे तास खरे. पुढे किंमत, तारीख, बदलांच्या फेऱ्या हे सगळं याच वहीवर उभं राहतं. जो भाग तुम्ही एकदाही बनवलेला नाही त्याचा अंदाज तुम्हाला देता येणार नाही, आणि अंदाज नसला की स्कोप, म्हणजे कामात काय येतं आणि काय नाही याचा कागद, तोही लिहिता येत नाही. त्यामुळे ऑनलाइन पैसे भरण्याची सोय कधीच जोडली नसेल, तर पहिल्या कामात ती कबूल करू नका.

2. वर्डप्रेस शिकू की हातानं कोड लिहू?

मालक आठवड्याला स्वतः मजकूर बदलणार असेल तर वर्डप्रेस. वर्षातून दोनदाच दर बदलणार असतील तर साधी एचटीएमएल पानं, कारण त्यांना अपडेट लागत नाहीत आणि प्लगिन बिघडल्याचे फोन येत नाहीत. वर्डप्रेस घेतलंत तरी सीएसएस टाळता येत नाही. "हे बटण जरा डावीकडे" ही विनंती थीम बदलून पुरी होत नाही.

3. स्कोपमध्ये नेमकं काय लिहायचं? "पाच पानांची वेबसाइट" एवढं पुरत नाही का?

पुरत नाही. "पाच पानं" म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पाच छोटी पानं असतात आणि मालकाच्या डोळ्यांसमोर त्याच्या ओळखीच्या एखाद्या मोठ्या हॉटेलची साइट असते. दोघंही प्रामाणिक असतात, तरी भांडण होतं. "आकर्षक", "आधुनिक", "सगळ्या सोयींसह" हे शब्द मोजता येत नाहीत. स्कोपमध्ये मोजता येणाऱ्या गोष्टीच असाव्यात.

मांद्रेच्या होमस्टेचे मालक म्हणजे भाऊ आणि वहिनी. त्यांच्यासाठी लिहिलेला कागद जवळपास असा होता:

> पानं 5: मुख्य, खोल्या, जेवण, कसं यायचं, संपर्क.
> भाषा: फक्त इंग्रजी.
> फोटो: जास्तीत जास्त 24, मालकांकडून.
> मजकूर: मालकांकडून. मी फक्त शुद्धलेखन पाहणार.
> चौकशी: एक फॉर्म आणि एक व्हॉट्सअ‍ॅप बटण.
> यात नाही: ऑनलाइन बुकिंग, पैसे भरणं, खोल्या रिकाम्या आहेत का ते दाखवणारं कॅलेंडर, लोगो, फोटो काढणं, सोशल मीडियाची पानं.
> बदलांच्या फेऱ्या: 2.
> निर्णय देणारी व्यक्ती: वहिनी, एकट्या.
> डोमेन आणि होस्टिंग: मालकांच्या नावे, मालकांच्या खर्चानं.

यातली सगळ्यात कामाची ओळ "यात नाही" ही. ती लिहायला संकोच वाटतो, आपण कमी देतोय असं वाटतं. पण मालकाला या गोष्टी कामाआधी वाचायला मिळाल्या की तो तिथेच विचारतो, "कॅलेंडर नाही? मग मला लागेल." तेव्हा त्याची किंमत धरता येते. साइट अर्धी झाल्यावर हाच प्रश्न आला तर ते कॅलेंडर तुमच्या खिशातून जातं.

बटणासारखी छोटी गोष्टसुद्धा ती काय करणार ते लिहून ठरवा. आमचं बटण असं होतं:

```html
<a href="https://wa.me/91XXXXXXXXXX">व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा</a>
```

इथे नंबर देशाच्या कोडसह लागतो, पण आधी `+` किंवा `0` नको आणि मध्ये जागाही नको. कोणाचा नंबर, हेही कागदावरच ठरवा. आमच्याकडे आधी भाऊंचा दिला होता आणि फोन उचलत होत्या वहिनी.

4. मग किंमत कशी काढायची?

वहीतल्या तासांवरून. मांद्रेच्या कामाला मी मांडणीसाठी 5 तास धरले, पाच पानांसाठी 14, फोटो कापून हलके करायला 3, फॉर्म आणि व्हॉट्सअ‍ॅपला 3, डोमेन जोडायला 2 आणि दोन फेऱ्यांना 5. एकूण 32 तास. ताशी 550 रुपयांनी 17,600 होतात. अनपेक्षित अडचणींसाठी वर थोडं ठेवून 20,000 सांगितले.

फेऱ्यांचे तास किमतीत आधीच धरले आहेत, हे लक्षात घ्या. बदल होणारच. ते धरले नाहीत तर प्रत्येक बदल तुम्हाला लुबाडणूक वाटतो आणि ते बोलण्यात उतरतं.

पैसे तीन हप्त्यांत घेतले: सुरुवातीला 8,000, पहिला नमुना दाखवल्यावर 6,000 आणि साइट त्यांच्या डोमेनवर चढवण्याआधी 6,000. "काम पूर्ण झाल्यावर" असं कधी लिहू नका. पूर्ण झालं की नाही हे मग मालक ठरवतो आणि शेवटचा हप्ता "मागीर पळोवया", म्हणजे "नंतर पाहू", यात अडकतो.

5. बदलांची एक "फेरी" म्हणजे काय? किती द्याव्यात?

दोन. पण आकड्यापेक्षा व्याख्या महत्त्वाची. माझ्या कागदावर ती अशी असते: नमुना पाहून सात दिवसांत, ठरलेल्या व्यक्तीनं, सगळे बदल एकाच यादीत लिहून पाठवणं म्हणजे एक फेरी. यादी आल्यावर मी पाच दिवसांत ती पुरी करतो.

यातला "एकाच यादीत" हा भाग सगळं वाचवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी एक ओळ, दुपारी फोटोवर लाल गोल, रात्री व्हॉइस मेसेज असे बदल येऊ लागले की फेरी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली तेच कळत नाही. माझ्या सुरुवातीच्या एका खानावळीच्या कामात मी असे सुटे बदल आले तसे करत गेलो. शेवटी मोजले तर तेहतीस निरोप निघाले आणि त्यातल्या सहांनी आधीच्याच सहांना उलटं केलं होतं: रंग हिरवा, मग निळा, मग परत हिरवा. एका यादीत ते एकमेकांसमोर आले असते तर मालकांनी स्वतःच खोडले असते.

म्हणून सुटा निरोप आला तरी काम सुरू करू नका. एवढंच लिहा: "नोंद केली, यादीत घेतो. अजून काही असेल तर रविवारपर्यंत पाठवा." आणि रविवारी ती यादी तुम्ही स्वतः लिहून पाठवा आणि "हीच का?" असं विचारा.

6. चूक दुरुस्त करणं आणि बदल करणं यात रेघ कुठे ओढायची?

मांद्रेहून पहिल्या फेरीत नऊ मुद्दे आले. त्यातले दोन माझ्या चुका होत्या: एका जुन्या आयफोनवर मेनू उघडत नव्हता आणि नकाशाची लिंक शेजारच्या वाड्यावर नेत होती. कागदावर ठरलेली गोष्ट ठरल्याप्रमाणे चालत नसेल तर ती चूक. ती फेरीत मोजायची नाही, पैसेही घ्यायचे नाहीत. फेऱ्या संपल्या असल्या तरी दुरुस्त करून द्यायची.

चार मुद्दे मजकुरातल्या दुरुस्त्या होत्या, दोन दिसण्यातले बदल: अक्षरं मोठी करा, जेवणाचं पान वर घ्या. हे सहा फेरीत बसतात. नववा मुद्दा होता, "पाहुण्याला तारखा दिसल्या पाहिजेत". ते कॅलेंडर "यात नाही"मध्ये होतं, म्हणजे हे नवं काम. मी आठ तास आणि 4,500 रुपये सांगितले. वहिनींनी विचार केला आणि म्हणाल्या, तीनच खोल्या आहेत, लोक व्हॉट्सअ‍ॅपवरच विचारतात. त्याऐवजी "तारखांसाठी निरोप पाठवा" अशी एक ओळ घातली.

यादी परत पाठवताना प्रत्येक मुद्द्यापुढे चूक, बदल किंवा नवं असा शब्द लिहा. काही वादग्रस्त असलं तर एखाददुसरा मुद्दा त्यांच्या बाजूनं सोडून द्या, पण "हे नवं होतं, या वेळी करून देतो" असं लिहूनच.

7. "थोडंसंच आहे रे, करून टाक" असं ओळखीचे काका म्हणतात. नाही कसं म्हणू?

गोव्यात हे खरंच अवघड आहे. गिऱ्हाईक तुमच्या मामाचा शेजारी असतो आणि चवथीला त्याच्याच घरी आरतीला जायचं असतं. म्हणून "नाही" हा शब्द वापरायची गरजच पडू देऊ नका. वेळ आणि आकडा सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा.

मांद्रेच्या दोन फेऱ्या संपल्यावर वहिनींच्या लिस्बनमधल्या दिराला वाटलं की मुख्य पानावर एका फोटोऐवजी सरकणारे फोटो हवेत. मी लिहिलं: "वहिनी, कल्पना चांगली आहे, होईल. तीन तास लागतील, 1,800 रुपये. आता करू की साइट सुरू झाल्यावर पाहू?" हा दर ताशी 600 आहे, कारण सुट्या कामासाठी पुन्हा सगळं उघडून बसावं लागतं. त्यांनी ते करून घेतलं आणि पैसेही दिले. आकडा ऐकून कोणी दुखावलं नाही. दुखावतात ते आठवडाभर उत्तर न देण्यानं, किंवा मनाविरुद्ध केलेलं काम अर्धवट सोडल्यानं.

घरच्यांचं काम फुकट करायचं असेल तर खुशाल करा, पण तोच कागद लिहा आणि किमतीपुढे "भेट" लिहा. फेऱ्या तिथेही दोनच.

8. मजकूर आणि फोटो महिनोन्‌महिने येतच नाहीत. तोवर मी काय करू?

ऑक्टोबरमध्ये सीझन सुरू झाला की होमस्टे आणि शॅकवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यांची कामं मान्सूनमध्ये धरा. जूनमध्ये मजकूर मागा, चवथीच्या आधी साइट सुरू करा. चवथीच्या आठवड्यात कोणतीही तारीख देऊ नका, ना त्यांची ना तुमची.

कागदावर लिहा की सगळा मजकूर आणि फोटो हातात आल्यावरच तुमचे दिवस मोजायला सुरुवात होईल. दुसरा हप्ता मात्र नमुन्याशी बांधा, मजकुराशी नको. मजकूर नसेल तर खोटा मजकूर भरून नमुना दाखवता येतो आणि हप्ता अडकत नाही.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले की ते दाबले जातात आणि मोठ्या पडद्यावर धूसर दिसतात. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा. मग चार-पाच एमबीचे मूळ फोटो येतील. ते तुम्ही हलके करा, पण ती निवड तुमच्या हातात राहील.

दुसरा सापळा मराठी मजकुराचा. तो छापखान्यातून आला तर पुष्कळदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. त्यांच्याकडे नीट दिसतो आणि तुमच्या पानावर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होतो. याचा अर्थ तो युनिकोड नाही. रूपांतर करता येतं, पण जोडाक्षरं चुकतात आणि ओळन्‌ओळ वाचावी लागते. म्हणून स्कोपमध्ये "मजकूर युनिकोडमध्ये" हे दोन शब्द घाला आणि किंमत सांगण्याआधी एक परिच्छेद नमुना म्हणून मागवा.

9. मालकांना मराठी, कोंकणी आणि इंग्रजी तिन्ही हव्यात. किंमत तिप्पट?

तिप्पट नाही, पण "भाषांतर टाकून दे" एवढी स्वस्तही नाही. पाच पानांची पंधरा होतात. मजकूर चिकटवायचा, मेनू प्रत्येक भाषेत लांबीनुसार तपासायचा, आणि पुढे दर बदलला तर तीन ठिकाणी बदलायचा. मी प्रत्येक जादा भाषेला मूळ पानांच्या तासांचा निम्मा वेळ धरतो. भाषांतर कोण करणार आणि ते बरोबर आहे हे कोण सांगणार, हे वेगळं लिहा. कोंकणीच्या शब्दांवरून घरातच वाद होतो आणि तो वाद तुमच्या फेरीत येऊ देऊ नका.

मराठी पानावर एक गोष्ट विसरू नका:

```html
<html lang="mr">
```

ज्या फॉन्टमध्ये "ल" आणि "श" यांची मराठी व हिंदी अशी दोन्ही रूपं आहेत, तिथे ब्राउझर यावरून मराठी रूप निवडतो. कोंकणी पानाला `kok` लिहा.

10. एवढ्याशा कामाला लेखी करार लागतो का? व्हॉट्सअ‍ॅपवरचं "हो" चालतं का?

स्टँप पेपर नको, लेखी मात्र हवं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10-अ नुसार करार केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला म्हणून अमान्य ठरत नाही. प्रश्न 3 मधला कागद पीडीएफ करून पाठवा आणि "मान्य आहे" असं उत्तर मागवा. पण 20,000 रुपयांसाठी कोणी कोर्टाची पायरी चढत नाही. तुमचं खरं संरक्षण म्हणजे आगाऊ हप्ता. कागदाचा उपयोग वेगळा: दीड महिन्यानंतर काय ठरलं होतं हे दोघांना आठवून देतो.

कॉपीराइटचीही एक ओळ घाला: "पूर्ण पैसे मिळाल्यावर या साइटच्या कोडचे सर्व हक्क कायमचे आणि जगभरासाठी मालकांना दिले." भारतीय कायद्यात हस्तांतर लेखी लागतं आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते.

11. डोमेन माझ्या खात्यातून घेऊ का? मालकांना ते जमत नाही.

नको. त्यांच्या ईमेलवर खातं उघडा, शेजारी बसून त्यांच्याच यूपीआयनं पैसे भरून घ्या. तुमच्या नावावरचं डोमेन म्हणजे दर वर्षी न मागता गळ्यात पडलेलं काम. नूतनीकरण चुकलं तर दोष तुमचा.

जुनं डोमेन असेल तर एक धोका आहे. नवीन होस्टिंगसाठी नेमसर्व्हर बदलले आणि ईमेल कुठे पोचवायचे ते सांगणारे जुने `MX` रेकॉर्ड नव्या ठिकाणी उतरवले नाहीत, तर साइट झकास चालते आणि मालकांचे ईमेल गुपचूप यायचे थांबतात. दोन दिवसांनी एखाद्या पाहुण्याचा फोन येतो तेव्हा कळतं. आधी सगळ्या रेकॉर्डचा स्क्रीनशॉट घ्या. शक्य असेल तर नेमसर्व्हर तसेच ठेवून साइट कुठे आहे ते सांगणारा `A` रेकॉर्ड तेवढा बदला.

12. देवस्थानाची साइट आहे. कमिटीतले अकरा जण अकरा गोष्टी सांगतात.

प्रश्न 5 मधली "ठरलेली व्यक्ती" इथे सगळ्यात जास्त लागते. महाजनांच्या बैठकीत एक नाव ठरवून घ्या आणि ते स्कोपच्या पहिल्या ओळीत घाला. बाकीच्यांना नमुना पाहू द्या, बोलू द्या. त्यांचं म्हणणं मानानं ऐका आणि म्हणा, "बाब, हे सेक्रेटरींच्या यादीत घालायला सांगतो." फेऱ्या तीन धरा आणि किमतीत तेवढे तास वाढवा, कारण बैठका महिन्यातून एकदाच होतात. जत्रेची तारीख हीच अंतिम तारीख असेल तर शेवटची यादी जत्रेआधी किमान तीन आठवडे आली पाहिजे, असं लिहून घ्या.

13. साइट सुरू होऊन तीन महिने झाले, अजून फोन येतात. फुकट किती दिवस?

चुकांसाठी 30 दिवस. हे स्कोपमध्येच लिहा. त्यानंतर सुटं काम प्रश्न 7 च्या दरानं. होमस्टेचे दर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वाढतात आणि मार्चनंतर उतरतात, म्हणजे हे फोन येणारच आहेत. मी सगळे दर एकाच छोट्या फाइलमध्ये ठेवले आणि साइट सोपवताना ते कसे बदलायचे याचा चार मिनिटांचा स्क्रीन व्हिडिओ करून दिला. वहिनी आता स्वतः बदलतात.

"बदल केला पण दिसत नाही" असा फोन आला तर आधी कॅशे तपासा. सीएसएस बदललं असेल तर फाइलच्या नावापुढचा आकडा वाढवा, म्हणजे ब्राउझर ती नव्यानं उतरवून घेतो:

```html
<link rel="stylesheet" href="style.css?v=3">
```

14. दुसऱ्यानं अर्धवट सोडलेली साइट दुरुस्त करायला सांगतात. ठरलेली किंमत सांगू का?

आत काय आहे हे पाहिल्याशिवाय सांगू नका. अशा कामाचा स्कोप लिहिताच येत नाही, म्हणून आधी फक्त तपासणीचं काम घ्या: चार तास, ठरलेले पैसे, आणि शेवटी एक पान अहवाल. त्यात लिहा काय चालतं, काय तुटलंय, पासवर्ड कोणाकडे आहेत, बॅकअप आहे का. तपासणी सुरू करण्याआधी पूर्ण बॅकअप स्वतःकडे उतरवून घ्या, नाहीतर आधीपासून तुटलेली गोष्टही "तू हात लावल्यावर बिघडली" अशी तुमच्या नावावर लागते.

अहवालानंतर दोनच वाटा राहतात. अडचणी मोजता आल्या तर प्रश्न 3 सारखा कागद करून ठरलेली किंमत सांगा. मोजता आल्या नाहीत तर तासावर काम करा, पण दर दहा तासांनी थांबून काय झालं ते लिहून पाठवा आणि पुढच्या दहा तासांची परवानगी मागा. एकदा साखळीच्या एका दुकानदाराला मी अहवालात लिहिलं होतं की दुरुस्तीला 25 तास लागतील आणि नवी साइट 28 तासांत होईल. त्यांनी नवी करून घेतली, आणि तपासणीचे पैसे मी त्या कामाच्या पहिल्या हप्त्यातून वजा केले.